मेजी जपान: सुधारणा आणि साम्राज्य यांच्यातला सांधा तिजोरीत शोधा

प्रश्न: "सर, 'मेजी जपानचे आधुनिकीकरण वरून लादलेले होते आणि त्याचे पर्यवसान साम्राज्यवादात होणे अटळ होते. चर्चा करा.' वीस गुणांना होता. मी सगळ्या सुधारणा लिहिल्या, मग चीनशी युद्ध, रशियाशी युद्ध, कोरिया, सगळं लिहिलं. सात गुण मिळाले. शेरा एकच होता, 'संबंध कुठे आहे?' आणखी काय लिहायला हवं होतं?"

आणखी काही नको होतं, उलट थोडं कमी हवं होतं. वीसेक वर्षं हा भाग शिकवतोय आणि उत्तरं तपासतोय, त्यामुळे तुमचं उत्तर न बघताही त्याचा सांगाडा सांगू शकतो. पहिल्या अर्ध्यात १८६८ पासूनच्या सुधारणा, दुसऱ्या अर्ध्यात १८९४ पासूनची युद्धं आणि मध्ये एक वाक्य: "औद्योगिकीकरणामुळे जपानला कच्चा माल व बाजारपेठांची गरज भासू लागली." हे वाक्य इंग्लंडवरच्या उत्तरातून उचललेलं असतं आणि गुण तिथेच जातात. तपासणाऱ्याला त्या एका वाक्यातच तुमचा विचार दिसायला हवा असतो.

हे वाक्य तारखांवर घासून बघा. जपानने कोरियाला बंदरं उघडायला लावली ती फेब्रुवारी १८७६ मध्ये. आदल्या वर्षी उन्यो नावाची युद्धनौका कोरियाच्या गांघवा बेटापाशी पाठवून चकमक घडवून आणली आणि मग आरमार दाखवून करार लिहून घेतला. अमेरिकेच्या पेरीने १८५३-५४ मध्ये जपानला जे केलं होतं तेच, जेमतेम वीस वर्षांनी. कोरियात गुन्हा करणाऱ्या जपानी माणसावर जपानीच अधिकारी खटला चालवणार, हे कलमही त्यात होतं. आता सांगा, १८७६ मध्ये जपानकडे विकायला काय होतं? यंत्रावर सूत काढणारी पहिली मोठी गिरणी, ओसाकाची, १८८३ मध्ये सुरू झाली, तीही साडेदहा हजार चात्यांची. कोरियात गेलेले जपानी व्यापारी सुरुवातीची कित्येक वर्षं मुख्यतः इंग्रजी कापड शांघायमार्गे आणून विकत होते. म्हणजे साम्राज्याचं पहिलं पाऊल कारखान्यांच्या आधी पडलं. १८७४ ची तैवानवरची स्वारी तर त्याहूनही आधीची. 'आधी आधुनिक झाला, मग साम्राज्याकडे वळला' हा प्रश्नातला क्रमच तपासून घ्यायला हवा, आणि उत्तराच्या पहिल्या परिच्छेदात तेवढं जरी म्हटलंत तरी तपासणारा सावरून बसतो.

मग संबंध कुठे शोधायचा? माझं उत्तर आहे, तिजोरीत. पैसा कुठून आला, कोणावर खर्च झाला आणि कोण चिडलं, हा एकच धागा धरला तर सुधारणा आणि युद्धं एकाच गोष्टीत बसतात.

सुरुवात तहांपासून करा. पाश्चात्त्य देशांशी झालेले १८५८ चे तह आणि १८६६ चा पुरवणी करार यांमुळे जपानला आयात मालावर साधारण पाच टक्क्यांहून जास्त जकात बसवता येत नव्हती. नव्या सरकारच्या हातून महसुलाचं एक मोठं साधन गेलं होतं आणि नव्या उद्योगांना आडोसा देण्याची सोयही. परदेशी कर्ज घ्यायची भीती होती. लंडनमधून रेल्वेसाठी १८७० मध्ये उचललेलं दहा लाख पौंडांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पडलं होतं, आणि कर्जात बुडालेल्या देशांचं काय होतं ते त्यांना दिसत होतं. उरली जमीन. म्हणून १८७३ चा शेतसारा कायदा हा तुमच्या सुधारणांच्या यादीतला एक मुद्दा नाही, बाकीच्या यादीचा खर्च त्यातून निघालाय. सत्तरच्या दशकात कर-उत्पन्नाचा जवळपास चार पंचमांश भाग या एका साऱ्यातून येत होता.

हा सारा कसा ठरवला ते एकदा आकड्यांत बघा. अधिकाऱ्यांना दिलेला सरकारी नमुना असा होता. एक तान भातशेती घ्या, म्हणजे आपल्या हिशेबाने जवळपास दहा गुंठे. पीक १.६ कोकू (एक कोकू म्हणजे साधारण दीडशे किलो तांदूळ). भाव कोकूला ३ येन, म्हणजे एकूण ४.८० येन. बियाणं आणि खतासाठी पंधरा टक्के वजा केले की उरतात ४.०८. त्यातून सरकारी सारा आणि त्याच्या एक तृतीयांश गावपट्टी वजा केली की राहतात २.४४८ येन. हे सहा टक्के व्याज मानलं तर मुद्दल किती? ४०.८० येन. ही झाली जमिनीची किंमत. तिचे तीन टक्के, म्हणजे १.२२४ येन, सारा, गावपट्टी ०.४०८. दोन्ही मिळून १.६३२ येन, म्हणजे एकूण पिकाचे बरोबर ३४ टक्के.

या नमुन्यात काय नाही ते बघा. शेतकऱ्याच्या मजुरीला एक पैसा धरलेला नाही. जुना सारा भाताचा होता, पिकाच्या प्रमाणात. पीक बुडालं तर सूट मागता यायची. नवा सारा रोख आणि कायम. पावसाची आणि भावाची सगळी जोखीम सरकारच्या अंगावरून शेतकऱ्याच्या अंगावर गेली. सरकारला मात्र पुढच्या वर्षी किती येन येणार हे आधीच कळू लागलं. फौज उभारायला, रुळ टाकायला, शाळा काढायला हीच खात्री लागते.

इथे 'वरून लादलेले' या शब्दांना उत्तर देता येतं. लादलं वरूनच, पण खालून जोर लागला तेव्हा वाकलंही. १८७६ च्या अखेरीस इबाराकी आणि मिए भागांत शेतकरी उठले आणि जानेवारी १८७७ मध्ये सारा तीनवरून अडीच टक्क्यांवर आला. लोकांत म्हण पडली, की बांबूचा भाला खुपसला आणि अडीच टक्के बाहेर पडले. सरकार एवढं चटकन नमलं याचं कारण दुसरीकडे होतं. त्याच वेळी सामुराई खवळलेले होते, आणि शेतकरी व सामुराई एकत्र आले असते तर राज्य टिकलं नसतं.

सामुराईंचं प्रकरण नीट समजून घ्या, कारण परराष्ट्र धोरण इथेच तिजोरीला चिकटतं. त्यांच्या पिढीजात तनख्यांवर महसुलाचा सुमारे तिसरा हिस्सा जात होता. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि शेतकऱ्याच्या पोराच्या हाती बंदूक गेली. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि तनखे बंद करून त्यांच्या बदल्यात सुमारे १७ कोटी येनांचे रोखे दिले गेले. ज्यांच्या जिवावर १८६८ ची क्रांती झाली त्यांनाच तिने निकालात काढलं. या लोकांना काम काय द्यायचं? सरकारातला सामुराई नेता सायगो ताकामोरी याचं १८७३ मधलं उत्तर होतं, कोरियावर स्वारी. परदेश दौऱ्यावरून परतलेल्या ओकुबो तोशिमिची या त्याच्या सहकाऱ्याने ती रोखली. तो शांततावादी होता म्हणून नव्हे. तिजोरीत दम नाही, आधी घर सावरू, असा त्याचा हिशेब होता. पुढच्याच वर्षी याच ओकुबोने तैवानवर फौज जाऊ दिली, कारण ती स्वस्तातली मोहीम होती आणि चिडलेल्यांना कुठेतरी वाट करून द्यायची होती. तेव्हा या सरकारात भांडण 'स्वारी करावी की नाही' असं नव्हतं, 'कधी परवडेल' असं होतं. सायगोचं बंड १८७७ मध्ये मोडलं, पण त्याचा खर्च चार कोटी येनांवर गेला. तो कागदी नोटा छापून भागवला आणि महागाई भडकली.

कारखान्यांवर अर्धं पान खर्च करू नका. एकच उदाहरण घ्या, तोमिओकाची रेशीमगिरणी, १८७२ ची. फ्रेंच तंत्रज्ञ, फ्रेंच यंत्रं, सूत उकलायच्या तीनशे टाक्या. पण कामाला मुली मिळेनात, कारण परदेशी लोक रक्त पितात अशी अफवा पसरली होती (त्यांच्या ग्लासातली लाल वाईन लोकांनी पाहिली होती). शेवटी गिरणीच्या जपानी प्रमुखाने, ओदाका आत्सुतादाने, स्वतःच्या मुलीला पहिली कामगार म्हणून दाखल केलं. गिरणीने बहुतेक वर्षं नफा दिला नाही. तिथे शिकलेल्या मुली आपापल्या गावी परतल्या, त्यांनी लहान गिरण्यांतून इतरांना शिकवलं, हा तिचा खरा उपयोग. बाकीचे बरेच सरकारी कारखानेही तोट्यातच होते. १८८० पासून सरकारने ते विकायला काढले आणि मित्सुबिशी, मित्सुई यांच्यासारख्या घराण्यांकडे खाणी, गोद्या हळूहळू गेल्या. 'सरकारने उद्योग उभारले' एवढंच लिहिणाऱ्याला हा दुसरा अर्धा माहीत नसतो.

१८८१ मध्ये अर्थखातं मात्सुकाता मासायोशीकडे आलं. त्याने नोटा मागे घेतल्या, १८८२ मध्ये बँक ऑफ जपान काढली, चलन सावरलं. त्याची किंमत वरच्याच नमुन्यावर मोजा. दहा गुंठ्यांचा सारा आता अडीच टक्क्यांनी १.०२ येन. १८८१ च्या सुमारास तांदूळ कोकूला दहा येनांवर होता, १.६ कोकूचे झाले सोळा येन, सारा जेमतेम सहा टक्के. १८८४ मध्ये भाव पाचेक येनांवर आला. पिकाचे आठ येन, सारा तोच, म्हणजे जवळपास तेरा टक्के. कायद्यात एक अक्षर न बदलता ओझं दुप्पट झालं. महागाईच्या वर्षांत कर्ज काढलेले शेतकरी जमिनी गमावून कुळं झाले आणि १८८४ मध्ये चिचिबूच्या डोंगरात उठाव झाला. जमिनी ज्यांच्या हाती गेल्या ते थोरले जमीनदार पुढच्या अंकात येतात.

कारण १८८९ मध्ये राज्यघटना आली आणि १८९० मध्ये संसद भरली. मत कोणाला, तर वर्षाला पंधरा येन थेट कर भरणाऱ्या पुरुषाला. देशात असे साडेचार लाख, लोकसंख्येच्या एक टक्क्याहून थोडे जास्त, आणि त्यांतले बहुतेक साराच भरणारे. त्यांनी निवडून दिलेले सभासद पहिल्या दिवसापासून सारा कमी करा म्हणून अडून बसले. सरकारला हव्या होत्या युद्धनौका. डिसेंबर १८९० मध्ये पंतप्रधान यामागाता आरितोमोने याच संसदेत भाषण केलं, की देशाला दोन रेषा राखाव्या लागतात, एक सार्वभौमत्वाची आणि दुसरी तिच्या पलीकडची, हितसंबंधांची. ती दुसरी रेषा कोरियातून जात होती. हे भाषण सगळे उद्धृत करतात, पण ते अर्थसंकल्पावर बोलताना केलं होतं, फौजेसाठी पैसे मागताना, हे सहसा कोणी लिहीत नाही. संसदेने त्या वर्षी खर्चाला कात्री लावली, पुढची दोन-तीन वर्षंही तेच चाललं. १८९३ मध्ये सम्राटाला मध्ये पडावं लागलं. दरबाराच्या खर्चातून सहा वर्षं दरसाल तीन लाख येन आणि अधिकाऱ्यांच्या पगारातले दहा टक्के नौकांसाठी देऊ, असं जाहीर झालं तेव्हा कुठे सभासद नमले.

मग १८९४ च्या उन्हाळ्यात कोरियातल्या बंडाच्या निमित्ताने चीनशी युद्ध पेटलं. ऑक्टोबरात हिरोशिमात भरलेल्या संसदेने १५ कोटी येनांचा युद्धखर्च एकमताने मंजूर केला. काल एकेका नौकेवरून भांडणारी हीच मंडळी. उत्तराचा सांधा इथे आहे. घटनेने जे भांडण उभं केलं होतं आणि जे घटनेच्या चौकटीत सुटत नव्हतं, ते युद्धाने सोडवलं. युद्ध मुद्दाम यासाठीच केलं असं मात्र लिहू नका. कोरिया रशियाच्या किंवा चीनच्या हाती जाईल ही भीती खरी होती. पण त्या भीतीला पैसे आणि मतं कशी मिळाली, ते या प्रसंगात दिसतं.

आणि युद्धाने पैसे आणले. एप्रिल १८९५ च्या शिमोनोसेकी तहात तैवान मिळालं आणि वीस कोटी ताएल चांदीची खंडणी. लिआओतुंग द्वीपकल्पही मिळालं होतं, पण रशिया, फ्रान्स आणि जर्मनीने सहाच दिवसांनी ते सोडायची मागणी केली, जपानला ती मानावी लागली आणि त्यापोटी आणखी तीन कोटी ताएल आले. सगळं मिळून साधारण ३६ कोटी येन. युद्धाआधी जपानी सरकारचा वर्षाचा सगळा खर्च आठ-साडेआठ कोटी होता. चार वर्षांचा खर्च एका तहात निघाला. यातला फार मोठा भाग पुन्हा फौजेत आणि आरमारात गेला. लंडनमध्ये पौंडांत मिळालेल्या रकमेच्या आधारावर १८९७ मध्ये जपानने सुवर्णचलन स्वीकारलं. त्याच काळात यावाताचा पोलाद कारखाना उभा राहिला, १९०१ मध्ये त्याची भट्टी पेटली आणि तिला लागणारं लोहखनिज चीनमधल्या दाये खाणीतून येऊ लागलं. तुमचं 'कच्चा माल' आता लिहा. ते इथे शोभतं, साम्राज्याचा परिणाम म्हणून.

उलट पुरावाही द्यायला हवा, आणि तो आपल्या मुंबईतच सापडतो. त्या काळातला जपानचा सर्वांत वाढता उद्योग सूतगिरण्यांचा. त्यांचा कापूस मोठ्या प्रमाणात मुंबईहून जायचा, पण जहाजांचं भाडं पी अँड ओ कंपनीच्या मुठीत होतं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांशी हातमिळवणी करून निप्पोन युसेन काइशाने मुंबई-जपान जहाजं सुरू केली. भाड्यांचं तुंबळ युद्ध झालं आणि जपानी कंपनी टिकली. १८९७ पर्यंत जपान सूत आयात करण्यापेक्षा जास्त निर्यात करू लागला आणि चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताची पीछेहाट झाली. दुसरा मोठा धंदा रेशमाचा, त्याचं मोठं गिऱ्हाईक अमेरिका. म्हणजे दोन प्रमुख उद्योगांपैकी एकाचा कच्चा माल इंग्रजांच्या मुलखातून, दुसऱ्याचं गिऱ्हाईक पॅसिफिकपलीकडे. दोन्ही वाटांवर तैवान नाही, कोरिया नाही. 'अटळ होते' या दाव्याला यापेक्षा ठोस हरकत मला ठाऊक नाही. जोडीला एक तारीख: जपानमधल्या ब्रिटिश माणसावर ब्रिटिशच अधिकारी खटला चालवणार, ही सोय रद्द करणारा करार ब्रिटनने जपानशी केला तो १६ जुलै १८९४ रोजी, चीनविरुद्ध युद्ध जाहीर होण्याआधी. ते काम नवे कायदे आणि न्यायालयं यांनी झालं होतं, तोफांनी नव्हे.

पण १८९५ नंतर परत फिरणं कठीण होत गेलं हेही खरं, आणि त्यासाठी १९०५ दाखवा. रशियाशी युद्धात जपान जिंकला, पण खर्च मागच्या युद्धाच्या कितीतरी पट झाला. त्यातला मोठा भाग लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये उभारलेल्या कर्जाचा, शिवाय सारा वाढवला, मीठ-तंबाखूपर्यंत कर आणि मक्तेदाऱ्या बसवल्या. लोकांनी सोसलं, कारण मागच्या वेळी खंडणी आली होती, आताही येईल. पोर्ट्समथच्या तहात एक येन आला नाही. ५ सप्टेंबर १९०५ ला टोकियोत हिबिया बागेत जमलेला जमाव उसळला, शहरातल्या बहुतेक पोलीस चौक्या जाळल्या गेल्या, लष्करी कायदा पुकारावा लागला. हे लोक युद्धाविरुद्ध नव्हते. एवढ्या थोडक्यावर तह का केला म्हणून चिडले होते. तीस वर्षांपूर्वी बांबूचे भाले सारा कमी करायला उचलले होते, आता गर्दी जास्त मुलूख मागत होती. शाळा, भरती आणि वर्तमानपत्रं यांनी मधल्या काळात काय घडवलं ते या एका संध्याकाळीत दिसतं, त्यावर वेगळा परिच्छेद लिहायची गरज नाही. युद्धापुरते म्हणून बसवलेले कर नंतरही राहिले. नोव्हेंबरात कोरिया जपानचं संरक्षित राज्य झालं, १९१० मध्ये खालसा झालं.

संस्थांबद्दल दोन वाक्यं पुरेत. १८७८ पासून सेनेचं मुख्यालय थेट सम्राटाच्या हाताखाली होतं, मंत्रिमंडळाच्या नव्हे. १९०० पासून लष्कर आणि नौदल मंत्री सेवेतलाच वरिष्ठ अधिकारी हवा असा नियम झाला, म्हणजे फौजेने माणूस दिला नाही तर सरकार पडणार. खंडणीने भूक लावली आणि या नियमांनी लगाम काढून घेतला, असा संबंध जोडा.

आता वीस गुणांत हे बसवायचं कसं? पहिल्या परिच्छेदात १८७४ आणि १८७६ टाकून प्रश्नातल्या क्रमावर हरकत घ्या. मग जकातीचा पाच टक्क्यांचा बांध आणि शेतसारा. दहा गुंठ्यांचा हिशेब पूर्ण लिहू नका, '३४ टक्के, रोख, कायम' एवढं पुरे. सामुराई आणि ओकुबोचा निर्णय. १८९० ते ९४ चं संसदेतलं भांडण, याला सर्वांत जास्त जागा. खंडणी. मग उलट बाजू म्हणून मुंबईचा कापूस आणि १६ जुलै. शेवटी १९०५. रेल्वे, टपाल, सूट-बूट, कालगणना हे सगळं गाळा. १९१० ला थांबा. पर्ल हार्बरपर्यंत पळणाऱ्या उत्तरात शेवटचं अर्धं पान नेहमी वाया गेलेलं असतं. हे आराखड्यासकट एकदा वेळ लावून, जास्तीत जास्त तीस मिनिटांत लिहा, आणि 'अटळ' या शब्दाखाली आधी पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, म्हणजे लिहिताना नजर तिथे परत परत जाईल.